बैठकीची वेळ ठरवणाऱ्यांना एक विनंती

शिक्षणसंस्थेचे चिटणीस, शिष्यवृत्ती समितीचे निमंत्रक, मंडळाचे कार्यवाह, कार्यालयात साहेबांच्या बैठका जुळवणारे सहायक, अशा सगळ्यांना ही विनंती आहे. आठ-दहा कामात बुडालेल्या माणसांची एक तासाची बैठक ठरवायची असते, तेव्हा आपण बहुतेक वेळा एकच मेल पाठवतो: ‘पुढच्या आठवड्यात बैठक घ्यावी असा विचार आहे. आपणांस कधी सोयीचे होईल ते कळवावे.’ ही मेल कृपा करून पाठवू नका. तिच्याऐवजी तीन ठरावीक दिवस-वेळा लिहा, उत्तराची मुदत लिहा आणि निर्णय कसा होणार तेही लिहा. तेवढ्याने बैठक दोन-तीन दिवसांत ठरते. ते नेमकं कसं करायचं, हे एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन सांगतो.

‘कधी जमेल?’ हा प्रश्न विनम्र वाटतो, पण तो सगळं काम समोरच्यावर टाकतो. वाचणाऱ्याला दोन आठवड्यांची डायरी उघडावी लागते, मोकळे तास शोधावे लागतात आणि ते वाक्यात लिहावे लागतात. हे उभ्या उभ्या, रिक्षात बसून, दोन रुग्णांच्या मधे होत नाही. म्हणून तो ‘संध्याकाळी निवांत बघू’ म्हणतो आणि मेल खाली जाते. जे उत्तर देतात त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो ‘मंगळवार सोडून कधीही’, दुसरा म्हणतो ‘शक्यतो सकाळी’, तिसरा म्हणतो ‘१५ तारखेनंतर’. आठवं उत्तर येईपर्यंत पहिल्याची मोकळी वेळ भरलेली असते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. याउलट ‘या तीनपैकी कोणत्या चालतील?’ या प्रश्नाला डायरीतल्या तीनच जागा पाहून दोन आकड्यांचं उत्तर देता येतं. ते जागच्या जागी देता येतं, म्हणून दिलं जातं.

आता उदाहरण. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती समिती आहे असं धरू. निमंत्रक तुम्ही, आणि बोलवायची माणसं आठ: अध्यक्ष, खजिनदार असलेले सीए, महाविद्यालयाच्या प्राचार्या, एक डॉक्टर, एक वकील, गावातले एक उद्योजक, लंडनला असलेली एक माजी विद्यार्थिनी आणि न्यू जर्सीतले एक देणगीदार. मार्च २०२६ मध्ये एक तासाची ऑनलाइन बैठक घेऊन यंदाचे विद्यार्थी निश्चित करायचे आहेत.

मेल लिहायला बसण्याआधी कागदावर दोन याद्या करा: ज्यांच्याशिवाय बैठकीला अर्थ नाही ते, आणि ज्यांनी यावं अशी इच्छा आहे ते. इथे पहिल्या यादीत तीनच जण येतात. अध्यक्षांशिवाय निर्णय होत नाही, खजिनदारांशिवाय रक्कम ठरत नाही, प्राचार्यांकडे विद्यार्थ्यांची माहिती आहे. बाकीचे पाच महत्त्वाचे आहेत, पण त्यांतला एखादा आला नाही म्हणून बैठक अडत नाही. ही यादी मेलमध्ये छापायची नसते. ती तुमच्यासाठी असते. पण ती केल्याशिवाय पुढचं काहीच धड होत नाही, आणि त्यामागचं कारण साध्या गणिताचं आहे.

समजा प्रत्येक माणूस कुठल्याही एका वेळेला मोकळा असण्याची शक्यता पाचात चार, म्हणजे ८० टक्के आहे. कामाच्या माणसांसाठी हा अंदाज उदारच म्हणायचा. तरीही आठही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास येते, कारण ०.८ ला स्वतःशीच आठदा गुणावं लागतं. तीन पर्याय दिले, तर त्यांतल्या एखाद्याला तरी आठही जण जमण्याची शक्यता ४२ टक्के होते. पाच पर्याय दिले तरी ती ६० टक्क्यांवरच थांबते. म्हणजे ‘सगळे आलेच पाहिजेत’ असा आग्रह धरला, तर पर्याय वाढवूनही बैठक लांबण्याची भीती मोठीच राहते. आता फक्त तीन आवश्यक माणसं धरा. एका पर्यायाला तिघंही मोकळे असण्याची शक्यता ५१ टक्के आणि तीन पर्यायांपैकी एखाद्याला तरी तिघं जमण्याची शक्यता ८८ टक्के. पर्याय तेवढेच ठेवून आवश्यक माणसांची यादी लहान केली, की काम पटकन जुळतं. बैठक पुन्हा पुन्हा फिस्कटते तिथे बहुधा आवश्यक माणसांची यादीच कुणी केलेली नसते.

या गणितात एक गृहीत दडलेलं आहे: तीन पर्याय एकमेकांपासून वेगळे असले पाहिजेत. सोमवार, मंगळवार आणि बुधवार सकाळी ११ असे तीन पर्याय दिले, तर ज्याची सकाळ ओपीडीत किंवा कोर्टात जाते त्याच्यासाठी ते तिन्ही एकच आहेत. तो एका दमात तिन्ही खोडतो. म्हणून वार बदला आणि दिवसातला प्रहरही बदला. एक पर्याय कामाच्या दिवशी रात्रीचा, एक कामाच्या दिवशी संध्याकाळच्या सुरुवातीचा, एक रविवारचा, अशी विभागणी केली म्हणजे एका कारणाने एकच पर्याय पडतो.

पर्याय तीनच का, याचंही उत्तर देतो. एक दिला तर तो आदेश वाटतो आणि नकार आला की हातात काही उरत नाही. सहा-सात दिले तर वाचणाऱ्याचं काम पुन्हा डायरी चाळण्याइतकं वाढतं. शिवाय दिलेला प्रत्येक पर्याय प्रत्येकाला निर्णय होईपर्यंत मोकळा ठेवावा लागतो. आठ जणांना तीन पर्याय म्हणजे चोवीस तास अडकले, सात पर्याय म्हणजे छप्पन्न. आणि वापरले जाणार आहेत त्यांतले आठच. लोकांचा वेळ असा अडकवला की ते ‘हो’ म्हणून ठेवतात आणि त्याच वेळेवर दुसरं काम घेतात. मग ठरलेली बैठक मोडते. तीन पर्याय द्या, फार तर चार.

आता हे तीन पर्याय कुठून आणायचे? आधी दिनदर्शिका पाहा, मग आवश्यक तिघांना फोन करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. तुमच्या मनात पहिल्यांदा येतील ते दिवस म्हणजे शनिवार १४ मार्च, रविवार १५ मार्च आणि मंगळवार १७ मार्च. पण १५ मार्च हा आगाऊ आयकराच्या शेवटच्या हप्त्याचा दिवस. खजिनदारांना फोन केला की ते लगेच सांगतील, ‘सोळा तारीख उलटू द्या, मग म्हणाल तेव्हा येतो.’ एका फोनने तीनपैकी दोन पर्याय बाद झाले. हा फोन न करता मेल गेली असती, तर सात जणांनी १४ आणि १५ तारीख अडवून ठेवली असती आणि दोन दिवसांनी खजिनदारांच्या एका ओळीने सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. पुढे १९ मार्चला गुढीपाडवा आहे. रमजानचा महिना चालू आहे आणि २० किंवा २१ तारखेच्या सुमारास ईद येईल. समितीतले वकील रोजा धरतात. पुण्याकडे या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा ईदच्या आधीची संध्याकाळची बैठक साडेसहाला संपली पाहिजे. मार्चचा शेवटचा आठवडा खजिनदारांसाठी वर्षअखेरीचा, तोही सोडायचा.

मग परदेशातले दोघे. इथे वर्षातून दोनदा हमखास चूक होते. आपल्याकडे घड्याळ कधी बदलत नाही, पण अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि २९ मार्च आहेत. म्हणजे या मधल्या तीन आठवड्यांत न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असेल, तर लंडन अजून हिवाळ्यातलंच, साडेपाच तास मागे. ज्याच्या डोक्यात ‘न्यू जर्सी साडेदहा तास मागे’ हे हिवाळ्यातलं गणित पक्कं आहे, तो तिथल्या माणसाला एक तास आधीची वेळ कळवून बसेल. शरद ऋतूत हेच उलट होतं: ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणून फरक तोंडपाठ आहे म्हणून लिहू नका. बैठकीची तारीख घालून फोनच्या घड्याळात किंवा दिनदर्शिकेत त्या शहराची वेळ पाहा, आणि मेलमध्ये प्रत्येकाच्या शहरातली वेळ लिहून द्या. ‘भारतीय वेळेनुसार’ एवढंच लिहून हिशेब त्यांच्यावर सोडू नका.

एवढं झाल्यावर तीन पर्याय उरतात: मंगळवार १७ मार्च रात्री ९, बुधवार १८ मार्च संध्याकाळी ५:३० आणि रविवार २२ मार्च संध्याकाळी ६:३०. शनिवारी, ७ तारखेला, आवश्यक तिघांना फोनवर हे तिन्ही ऐकवले आणि कुणी ‘एकही जमणार नाही’ म्हटलं नाही, की मेल पाठवायला हरकत नाही. सोमवारी सकाळी पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी गेलेली मेल सोमवारच्या ढिगाखाली सापडते. मेल अशी असावी:

विषय: वेळ निवडा (बुध. ११ मार्च, सायं. ६ पर्यंत) – शिष्यवृत्ती समिती बैठक

सप्रेम नमस्कार.

यंदाचे शिष्यवृत्तीधारक निश्चित करण्यासाठी एक तासाची ऑनलाइन बैठक घ्यायची आहे. खालीलपैकी आपल्याला चालणारे सर्व क्रमांक कळवावेत.

१) मंगळवार १७ मार्च, रात्री ९ ते १० (लंडन दुपारी ३:३०, न्यू जर्सी सकाळी ११:३०)

२) बुधवार १८ मार्च, सायं. ५:३० ते ६:३० (लंडन दुपारी १२, न्यू जर्सी सकाळी ८)

३) रविवार २२ मार्च, सायं. ६:३० ते ७:३० (लंडन दुपारी १, न्यू जर्सी सकाळी ९)

उत्तरात नुसते आकडे लिहिले तरी पुरे, उदा. ‘१, ३’. एकही चालत नसेल तर ‘०’ लिहावे.

बुधवार ११ मार्च, सायं. ६ पर्यंत आलेल्या उत्तरांवरून गुरुवारी सकाळी वेळ पक्की करून कळवतो. तोवर या तिन्ही वेळा शक्यतो राखून ठेवाव्यात. गुरुवारी उरलेल्या दोन मोकळ्या होतील. ज्यांना ठरलेल्या वेळी येणे शक्य नसेल त्यांचे मत आधी लेखी घेऊन बैठकीत मांडले जाईल.

निमंत्रित: अध्यक्ष, खजिनदार, प्राचार्या आणि समितीचे पाचही सदस्य.

आपला,
निमंत्रक

या मेलमधल्या काही गोष्टींकडे लक्ष वेधतो. विषयाच्या ओळीत आधी काय करायचं ते आणि मुदत आहे, समितीचं नाव नंतर, कारण फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. ‘बैठकीबाबत’ एवढाच विषय असलेली मेल माहितीची समजून बाजूला पडते. बैठक किती वेळाची आहे ते लिहिलं आहे. ते नसलं की लोक दोन तास धरून नकार देतात. वार आणि तारीख दोन्ही आहेत, म्हणजे एकात चूक झालीच तर ती लगेच पकडली जाते. कार्यक्रमपत्रिका, मागचं इतिवृत्त, अर्जांची यादी यातलं काहीच जोडलेलं नाही. ते जोडलं की माणूस ‘आधी वाचतो, मग उत्तर देतो’ म्हणतो. ती वेळ ठरल्यावर वेगळी पाठवा.

‘नुसते आकडे लिहिले तरी पुरे’ ही ओळ वगळू नका. आपल्याकडे वडीलधाऱ्या अध्यक्षांना किंवा देणगीदारांना नुसतं ‘२, ३’ असं उत्तर लिहिणं उद्धटपणाचं वाटतं. मग ‘नीट पत्र लिहू’ म्हणून ते उत्तर लांबवतात. तुम्हीच परवानगी दिलीत की तो संकोच जातो. आणि ‘सर्व क्रमांक कळवावेत’ हेही आवश्यक आहे. नाहीतर प्रत्येक जण आपल्याला सर्वांत आवडलेला एकच क्रमांक कळवतो आणि आठ जणांचे आवडते दिवस जुळत नाहीत. तुम्हाला आवड कळून उपयोग नाही, शक्य काय आहे ते कळायला हवं.

मेल सगळ्यांना एकत्र दिसेल अशी पाठवायची की नाही, यावर मी स्पष्ट सल्ला देतो: सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाका. पत्ते उघडे ठेवले तर प्रत्येकाचं ‘रिप्लाय ऑल’ बाकीच्या सगळ्यांकडे जातं, आणि ज्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही ते आधीची उत्तरं वाचून स्वतःचं उत्तर बदलतात. अध्यक्षांनी ‘फक्त ३’ लिहिलेलं दिसलं की पुढचे तिघं आपली अडचण न सांगता ‘३’ लिहितात आणि त्यांतला एक ऐनवेळी येत नाही. बीसीसीचा दोष एवढाच की कुणाकुणाला बोलावलं आहे हे दिसत नाही. म्हणून मेलच्या शेवटी निमंत्रितांची ओळ घातली आहे. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘मेल पाठवली आहे, उत्तर मेलवरच द्यावे’ एवढं एक वाक्य टाकायला हरकत नाही. तारखांची चर्चा मात्र गटावर सुरू होऊ देऊ नका, कारण तिथली उत्तरं शुभेच्छांमध्ये वाहून जातात आणि तुम्हाला दोन ठिकाणी हिशेब ठेवावा लागतो.

मुदत अडीच दिवसांची ठेवली आहे, तेही विचार करून. आठवड्याची मुदत दिली तर उत्तरं लवकर येत नाहीत, सातव्या दिवशी येतात, आणि तोवर पहिल्यांनी दिलेली उत्तरं शिळी होतात. एका दिवसाची दिली तर प्रवासात किंवा शस्त्रक्रियेत असलेला माणूस सुटतो. दोन कामाचे दिवस आणि वर थोडा अवधी एवढं पुरतं. मुदत संपल्यापासून पहिल्या पर्यायापर्यंत निदान चार-पाच दिवस राहतील असंही पाहा, म्हणजे लोकांना आपली कामं हलवता येतात.

आता उत्तरं येऊ लागतील. कागदावर आठ ओळी आणि तीन रकाने आखा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं आली असं धरू. उरलेल्यांना आठवण करायची, पण सगळ्यांना पुन्हा तीच मेल पाठवून नाही. ज्यांनी वेळेत उत्तर दिलं त्यांनाही ती गेली तर पुढच्या वेळी तेही थांबतील. ज्यांचं उत्तर नाही त्यांनाच, एकेकट्याला, तीनही पर्याय पुन्हा लिहून दोन ओळी पाठवा. जुनी मेल शोधायला लावू नका. आवश्यक तिघांपैकी कुणाचं उत्तर राहिलं असेल, तर मेल नको, फोन करा.

काही उत्तरं उत्तरासारखी दिसतात, पण नसतात. ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘प्रयत्न करतो’ ही रकान्यात मांडता येत नाहीत. ती उत्तर न आल्यासारखीच धरा. ‘बाकीच्यांना जमेल ते मला चालेल’ हे आपल्याकडचं फार प्रेमळ उत्तर आहे, पण त्यावर विसंबू नका. ते लिहिणाऱ्याने बहुधा डायरी पाहिलेली नसते. आपल्या उदाहरणात उद्योजकांनी हेच कळवलं. फोन करून ‘तिन्ही राखून ठेवू ना?’ असं विचारल्यावर कळलं की १७ आणि १८ला ते गावात नाहीत. त्यांना फक्त तिसरा पर्याय चालतो.

बुधवारी सहा वाजता कागदावर हे चित्र होतं. अध्यक्ष २ आणि ३. खजिनदार तिन्ही. प्राचार्या १ आणि २. शनिवारी फोनवर त्यांना रविवार चालत होता, पण सोमवारी विद्यापीठाचं काम आलं. डॉक्टर १ आणि ३, कारण साडेपाचला त्यांची संध्याकाळची ओपीडी सुरू होते. वकील २ आणि ३. लंडन २ आणि ३. न्यू जर्सी फक्त ३. उद्योजक फक्त ३. बेरीज केली तर पहिल्या पर्यायाला तीन जण, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला सात.

इथे बहुतेक निमंत्रक चुकतात. सात हा मोठा आकडा पाहून ते रविवार ठरवतात, आणि विद्यार्थ्यांची माहिती ज्यांच्याकडे आहे त्या प्राचार्यांशिवाय सात माणसं एक तास बसतात. शेवटी ‘माहिती आल्यावर पुन्हा भेटू’ असं ठरून उठतात. पहिली यादी आठवा. तिन्ही आवश्यक माणसं फक्त दुसऱ्या पर्यायात आहेत. तेव्हा बैठक बुधवार १८ मार्चला, पाच सदस्य आणि तुम्ही मिळून सहा जणांची. आधी आवश्यक माणसं पाहायची, त्यांच्यात दोन पर्याय बरोबरीला आले तर जास्त लोकांचा घ्यायचा, तरीही बरोबरी झाली तर जो आधी येतो तो घ्यायचा. हा नियम मेल पाठवण्याआधीच ठरलेला असू द्या, म्हणजे कुणाला झुकतं माप दिलं असं वाटत नाही. समितीच्या नियमांत गणसंख्या लिहिलेली असेल तर तीही भरते का ते पाहा.

गुरुवारी सकाळी दोन मेल जातात. पहिली सगळ्यांना: बैठक कधी, दुवा कोणता, आणि ठळकपणे ‘१७ आणि २२ मार्च या वेळा आता मोकळ्या आहेत’. हे शेवटचं वाक्य विसरलात तर पुढच्या वेळी कुणी वेळ राखून ठेवणार नाही. याच वेळी दिनदर्शिकेचं निमंत्रण पाठवा. ते प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या शहराच्या वेळेत उमटतं आणि घड्याळाचा घोळ उरत नाही. बैठक झूमच्या मोफत खात्यावर घेणार असाल, तर ती ४० मिनिटांनी तुटते हे लक्षात ठेवा आणि तासाची बैठक दुसऱ्या खात्यावर घ्या. दुसरी मेल डॉक्टर, उद्योजक आणि न्यू जर्सीच्या देणगीदारांना वेगवेगळी: येता येणार नाही याची जाणीव आहे, या दोन प्रश्नांवर आपलं मत मंगळवारपर्यंत कळवावं, ते बैठकीत वाचून दाखवतो. आणि ते खरोखर वाचून दाखवा. ज्याची वेळ निवडली गेली नाही त्याला आपलं म्हणणं पोचलं असं वाटलं, तर पुढच्या मेललाही तो वेळेत उत्तर देतो.

तीनपैकी एकाही पर्यायात आवश्यक माणसं जुळली नाहीत तर? आपल्या आकड्यांनुसार आठ-नऊ वेळांत एकदा तसं होईल. तेव्हा आठही जणांना नवे पर्याय पाठवत बसू नका. आवश्यक तिघांनाच फोन करून त्यांच्यात एक वेळ पक्की करा आणि बाकीच्यांना ती ठरलेली म्हणून कळवा. दुसऱ्यांदा मतं मागवली की पहिल्यांदा उत्तर देणाऱ्यांचा विश्वास उडतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. माणसं बारा-पंधराच्या वर गेली की कागदावर रकाने भरणं जड जातं. तिथे गुगल फॉर्म किंवा डूडलसारखी मतपत्रिका बरी. पण तिथेही पर्याय चारच्या वर नेऊ नका, आणि दुवा उघडायला खातं उघडावं लागणार नाही याची खात्री करा. सर्वसाधारण सभेसाठी ही पद्धत नाही. ती पोटनियमांप्रमाणे तारीख ठरवून जाहीर करायची असते. कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक असेल, तर वेळ अशी जुळवल्यानंतरही २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे निदान सात दिवसांची रीतसर नोटीस वेगळी द्यावी लागते. पर्यायांची मेल ही नोटीस नव्हे. तेव्हा पहिला पर्याय निवडताना ते सात दिवस आधीच मोजून ठेवा.

आता ज्यांना अशी मेल येते, त्यांनाही एक सांगणं आहे. तीन पर्यायांची, मुदत लिहिलेली मेल आली तर ती वाचल्या जागी उत्तर द्या. आकडे लिहा, जमत नसेल तर ‘०’ लिहा. ‘०’ हे चांगलं उत्तर आहे. त्याने निमंत्रकाला रकाना भरता येतो. मौनाने मात्र आठ जणांच्या तीन वेळा अडकून पडतात.

आणि निमंत्रकांना शेवटची विनंती: पुढची बैठक ठरवायला बसाल तेव्हा आधी आवश्यक माणसांची यादी करा, त्यांना फोन करा, आणि मगच तीन पर्यायांची मेल पाठवा. मुदत लिहा, ती पाळा, आणि ठरल्या दिवशी न वापरलेल्या वेळा परत करा.